सदतीस टक्के लाभांश, पण आला कुठून?

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे वेगवेगळ्या गटांतून एकाच प्रकारचा प्रश्न येतोय. कुणाच्या मुलाने फोनवर डीमॅट खातं उघडलंय, कुणाच्या सुनेला मोबाइलवर ‘सर्वात जास्त लाभांश देणारे दहा शेअर’ अशी यादी आली. यादीत एका शेअरपुढे बारा टक्के, दुसऱ्यापुढे वीस, तिसऱ्यापुढे तर पस्तीसच्या वर. बायका विचारतात, बँकेत मुदत ठेवीला सात टक्के मिळतात आणि इथे पस्तीस, मग आम्ही बँकेत कशाला थांबायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्या यादीत मिळत नाही, कारण यादीत एकच आकडा छापलेला असतो आणि तपासायला आकडे लागतात दोन.

पहिल्या आकड्याला डिव्हिडंड यील्ड म्हणतात. वर्षभरात एका शेअरवर जेवढा लाभांश मिळाला, त्याला शेअरच्या आजच्या बाजारभावाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. शेअरचा भाव शंभर रुपये आणि लाभांश सहा रुपये, तर यील्ड सहा टक्के. दुसरा आकडा म्हणजे पेआउट रेशो. यात लाभांश तोच, पण भागायचं भावाने नाही, तर कंपनीने एका शेअरमागे कमावलेल्या नफ्याने. नफा बारा रुपये आणि वाटले सहा, तर पेआउट पन्नास टक्के. म्हणजे कमाईतली अर्धी वाटली, अर्धी घरात ठेवली.

दोन्ही आकड्यांत वरचा लाभांश एकच आहे. खाली भागणारी गोष्ट बदलते, आणि तिथेच सगळं आहे. पहिला आकडा सांगतो की आज पैसे घातले तर गेल्या वर्षीच्या लाभांशाच्या हिशेबाने किती टक्के पडतात. दुसरा सांगतो की तो लाभांश कंपनीला झेपतोय का.

आपल्याच गटाचं उदाहरण घेऊ. समजा शंभर बायकांनी हजार-हजार रुपये घालून मिरची कांडप यंत्र टाकलं. एक लाख रुपये भांडवल, शंभर वाटे. पहिल्या वर्षी खर्च वजा जाता बारा हजार रुपये नफा झाला, म्हणजे एका वाट्यामागे एकशेवीस रुपये. त्यातले साठ रुपये प्रत्येकीला वाटले. उरलेले सहा हजार कपाटात ठेवले, कारण मोटर जळते, पट्टा तुटतो, पावसाळ्यात काम नसतं. इथे यील्ड सहा टक्के आणि पेआउट पन्नास टक्के. बरं चाललंय.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावात मोठं कांडप आलं. आपलं गिऱ्हाईक निम्म्यावर गेलं. नफा झाला पाच हजार, म्हणजे वाट्यामागे पन्नास रुपये. पण बैठकीत ठरलं की बायकांना नाराज करायला नको, गेल्या वर्षीइतकेच साठ वाटू. वाटायला लागले सहा हजार, कमावले होते पाच. वरचे हजार रुपये कपाटातून काढले. आता याच वेळी एक बाई मुलीकडे पुण्याला कायमची निघाली आणि तिला वाटा विकायचाय. हजाराचा वाटा कुणी हजाराला घेईना, कारण शेजारचं कांडप सगळ्यांना दिसतंय. शेवटी चारशेला गिऱ्हाईक मिळालं.

जी चारशेला घेणार, तिचा हिशेब बघा. घालायचे चारशे, लाभांश साठ. यील्ड पंधरा टक्के! गेल्या वर्षी सहा होतं, आता पंधरा. कागदावर तर धंदा अडीचपट चांगला झालेला दिसतो. प्रत्यक्षात काम निम्म्यावर आलंय, कपाट रिकामं होतंय, आणि वाटा विकायला निघालेल्या बाईचे सहाशे रुपये बुडालेत. यील्ड वाढलं ते लाभांश वाढला म्हणून नाही, भाव पडला म्हणून. पेआउट विचारला असता तर लगेच कळलं असतं: साठ भागिले पन्नास, म्हणजे एकशेवीस टक्के. शंभर कमावून एकशेवीस वाटले. तिसऱ्या वर्षी मोटर जळली की साठ रुपये नाहीत, सहा रुपये वाटायलाही जड जाईल.

हे सोपं वाटतं, कारण ते यंत्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. शेअर बाजारात यंत्र दिसत नाही, फक्त टक्के दिसतात. म्हणून एक खरं उदाहरण घेऊन बसू.

वेदांता लिमिटेड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला आणि मग गुजरातेत गेलेला सेमीकंडक्टरचा प्रकल्प याच समूहाचा होता. ही कंपनी तेव्हा मुख्यतः जस्त, ॲल्युमिनियम, लोहखनिज आणि खनिज तेल यांच्या धंद्यात होती. गोव्यातल्या लोहखनिजाच्या धंद्यामुळे ओळखली जाणारी जुनी सेसा गोवा ती हीच. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या आर्थिक वर्षात वेदांताने पाच वेळा अंतरिम लाभांश दिला. ३१.५० रुपये, मग १९.५०, मग १७.५०, मग १२.५० आणि मार्चमध्ये २०.५०. बेरीज करा, एका शेअरवर १०१.५० रुपये होते. मार्च २०२३ च्या शेवटी शेअरचा भाव होता २७५ रुपयांच्या आसपास. १०१.५० भागिले २७५, यील्ड जवळजवळ सदतीस टक्के.

सदतीस टक्के म्हणजे तीन वर्षांत घातलेले सगळे पैसे लाभांशातूनच परत आणि वर शेअर फुकटात. असं असेल तर देशातल्या मोठ्या मोठ्या गुंतवणूकदारांनी हा शेअर सोडला कसा? त्यांच्याकडे हिशेब करणारी माणसं पगारावर ठेवलेली असतात. दरवर्षी १०१.५० रुपये मिळणारच, अशी खात्री त्यांना असती, तर दहा टक्के परताव्याच्या हिशेबानेही तो शेअर हजार रुपयांना घ्यायला त्यांची तयारी असती. भाव चढत गेला असता आणि यील्ड आपोआप खाली आलं असतं. तसं झालं नाही. भाव २७५ वरच होता. याचा सरळ अर्थ असा की विकत घेणाऱ्यांना हा लाभांश टिकेल असं वाटत नव्हतं. खूप मोठं यील्ड म्हणजे बहुतेक वेळा बाजाराने बोलून दाखवलेली शंकाच असते. शंका चुकीची असू शकते, पण ती आहे कशाबद्दल हे तरी बघायला हवं की नाही?

तर दुसरा आकडा काढू. त्या वर्षी वेदांताचा एका शेअरमागचा नफा होता सुमारे साडेअठ्ठावीस रुपये. वाटले १०१.५०. पेआउट साडेतीनशे टक्क्यांच्या वर. आपल्या कांडपाचं एकशेवीस टक्के होतं तेव्हा आपण दचकलो होतो, इथे कमाईच्या साडेतीनपट वाटले.

आदल्या वर्षाशी ताडून बघितलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात शेअरमागे नफा होता पन्नास रुपयांच्या थोडा वर आणि लाभांश ४५ रुपये. तेव्हाही हात मोकळाच होता, पण कमाईच्या आत होता. पुढच्या वर्षी धातूंचे भाव उतरले, कोळसा आणि विजेचा खर्च वाढलेला होता, नफा जवळपास निम्म्यावर आला. आणि त्याच वर्षी लाभांश दुपटीहून जास्त झाला. उत्पन्न घटलं आणि वाटप वाढलं. आपल्या गटाच्या हिशेबात असं दिसलं तर आपण अध्यक्षबाईंना पहिलं काय विचारू? वरचे पैसे आले कुठून, आणि एवढी घाई कुणाला होती?

वरचे पैसे दोन ठिकाणांहून येऊ शकतात, साठवणीतून किंवा कर्जातून. इथे दोन्हीचा वाटा दिसतो. वेदांताकडे हिंदुस्थान झिंक या कंपनीचे सुमारे पासष्ट टक्के शेअर होते. हिंदुस्थान झिंककडे वर्षानुवर्षं साठलेली मोठी रोकड होती. त्या वर्षी तिनेही कमावल्यापेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला आणि त्यातला मोठा भाग वेदांताकडे आला. दुसरीकडे वेदांताचं स्वतःचं निव्वळ कर्ज, म्हणजे हातातली रोकड वजा करून उरलेलं कर्ज, एका वर्षात दुपटीहून वाढलं. सुमारे २१ हजार कोटींवरून ते ४५ हजार कोटींच्या पुढे गेलं. आकडा मोठा आहे म्हणून घाबरू नका, कंपनीही मोठी आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की लाभांश वाढत असताना साठवण घटत होती आणि कर्ज वाढत होतं.

आता घाई कुणाला होती ते. वेदांता लिमिटेडची मालक कंपनी लंडनमध्ये आहे, वेदांता रिसोर्सेस. तिच्याकडे भारतीय कंपनीचे दोन तृतीयांशाहून जास्त शेअर होते आणि तिच्या डोक्यावर परदेशी चलनातलं मोठं कर्ज होतं. त्याचे हप्ते आणि व्याज ठरल्या तारखांना द्यायचंच होतं. मालक कंपनीला तो पैसा मिळण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे खालच्या कंपनीचा लाभांश. लाभांश सगळ्या भागधारकांना शेअरमागे सारखाच द्यावा लागतो, म्हणून आपल्यासारख्या छोट्या भागधारकालाही १०१.५० रुपये मिळाले. यात कायद्याबाहेरचं काही नव्हतं. पण किती वाटायचं हे ठरवताना कंपनीला किती झेपतं यापेक्षा वरच्या घराला किती लागतं याचं वजन जास्त दिसत होतं. थोरल्या जावेचा सावकार दारात बसला म्हणून एकत्र कुटुंबाची कणगी रिकामी करायची, आणि त्या निमित्ताने धाकटीच्या पदरातही चार पायल्या पडल्या. धाकटीने खुश व्हावं, पण पुढच्या वर्षीही एवढंच मिळेल असं धरून चालू नये.

पुढे काय झालं तेही सांगतो. मार्च २०२३ मध्ये ज्यांनी सदतीस टक्के बघून २७५ ला शेअर घेतला, त्यांना पुढच्या आर्थिक वर्षात लाभांश मिळाला दोन वेळा, १८.५० आणि ११ रुपये. एकूण २९.५० रुपये. म्हणजे घातलेल्या पैशांवर पावणेअकरा टक्के. वाईट नाही, पण सदतीसही नाही. आणि त्याच वर्षी मधल्या काळात भाव २२० च्या खाली उतरला होता. फोनवर मात्र बरेच महिने यील्डचा आकडा मोठाच दिसत राहिला, कारण तो आकडा मागच्या बारा महिन्यांत वाटलेल्या लाभांशावरून काढतात. तो झालेली गोष्ट सांगतो, होणारी नाही. खरं तर यादीवर ‘मागील वर्षाच्या लाभांशावर’ असं ठळक छापायला हवं, पण यादी बनवणाऱ्यांना ते सोयीचं नसतं.

आणखी एक हिशेब आपल्यातल्या बऱ्याच जणींना नवा वाटेल. समजा एका बाईने मार्च २०२२ च्या शेवटी शेअर घेतला. तेव्हा भाव होता चारशेच्या आसपास. वर्षभर ठेवला. लाभांश मिळाला १०१.५०, डोळे दिपवणारा. वर्षाच्या शेवटी शेअरचा भाव राहिला २७५. चारशेतून दोनशे पंच्याहत्तर गेले, घट एकशेपंचवीसची. एका हाताने एकशे एक आले, दुसऱ्या हाताने एकशेपंचवीस गेले. सगळं धरून शेअरमागे तेवीस-चोवीस रुपयांचं नुकसान, आणि लाभांशावर कर लागत असेल तर तो वेगळा. लाभांश हा वरून पडलेला पैसा नाही, तो कंपनीच्याच पोटातून निघतो. पाच हजारांचं धान्य विकलं तर हातात पाच हजार येतात आणि कणगी तेवढ्याने खाली जाते, तसंच.

तरीही पूर्ण गोष्ट सांगायची तर २०२४ मध्ये धातूंचे भाव वर आले आणि वेदांताचा शेअर चारशेच्या पुढे गेला. ज्यांनी २७५ ला घेऊन धीर धरला त्यांचा फायदाच झाला. त्यामुळे मोठं यील्ड दिसलं की कंपनी बुडणार, असं आम्ही म्हणत नाही. पण तो फायदा भाव वाढल्यामुळे झाला, सदतीस टक्के लाभांशामुळे नाही. लाभांश तर एक तृतीयांशाच्याही खाली आला होता. ज्या बाईने दर तिमाहीच्या लाभांशावर मुलाच्या वसतिगृहाची फी भरायचं ठरवलं असेल, तिला भाव नंतर वाढला याचा काय उपयोग? फी तर ठरल्या महिन्यातच भरायची असते.

आता दुसऱ्या बाजूचं उदाहरण, नाहीतर तुम्ही म्हणाल की दहा टक्क्यांच्या वर यील्ड दिसलं की पळत सुटायचं. त्याच मार्च २०२३ ला कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीचा भाव होता २१५ च्या जवळपास. चंद्रपूर आणि वणीकडच्या आपल्या मैत्रिणींना ही कंपनी वेकोलि या नावाने माहीत आहे, कारण नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही तिचीच उपकंपनी. कोल इंडियाचा त्या वर्षीचा एकूण लाभांश २४.२५ रुपये. यील्ड अकरा टक्क्यांच्या वर, तेव्हाच्या बँकेच्या व्याजापेक्षा बरंच जास्त. इथेही बाजाराला शंका होती: पुढे सौर आणि पवन ऊर्जा आली की कोळशाचं काय, आणि सरकार आपले शेअर विकायला काढेल का. पण पेआउट बघा. शेअरमागे नफा ४५ रुपयांच्या थोडा वर, वाटले २४.२५. सुमारे त्रेपन्न टक्के. निम्मी कमाई घरातच होती. पुढच्या वर्षी तिने २५.५० रुपये लाभांश दिला, म्हणजे कमी न होता थोडा वाढलाच.

तेव्हा दोन्ही शेअर यादीत ‘जास्त लाभांश’ या एकाच रकान्यात होते. एकाचा लाभांश कमाईतून येत होता, दुसऱ्याचा कमाई संपल्यावरही चालू होता. हा फरक यील्डमध्ये दिसत नाही, पेआउटमध्ये दिसतो.

इथे एक गोंधळ होतो, तो सोडवून पुढे जाऊ. आपल्यातल्या कित्येकींचे पतसंस्थेत किंवा दूध संस्थेत शेअर आहेत आणि वार्षिक सभेत ‘दहा टक्के लाभांश जाहीर’ असं ऐकायची सवय आहे. ते दहा टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात, म्हणजे शंभराच्या शेअरवर दहा रुपये. तिथे शेअर बाजारात विकला जात नाही, म्हणून भाव पडून टक्का फुगण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात दरवर्षीच्या निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायची सक्ती आहे आणि लाभांशाला साधारण पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे पेआउटला कायद्यानेच वेसण घातलेली आहे. कंपन्यांना अशी टक्केवारीची वेसण नाही. उलट वेदांताच्या शेअरची दर्शनी किंमत एक रुपया, म्हणून २०.५० रुपयांच्या लाभांशाला ‘२०५० टक्के लाभांश’ म्हणता येतं. ऐकायला भीती वाटावी असा आकडा, पण त्यातून कंपनीची तब्येत काहीच कळत नाही. टक्के ऐकले की आधी विचारायचं, कशावर? दर्शनी किमतीवर, बाजारभावावर, की नफ्यावर?

मग घरी बसून हे तपासायचं कसं? कंपनीचा तिमाही आणि वार्षिक निकाल मुंबई शेअर बाजाराच्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर सगळ्यांना फुकट बघता येतो. निकालाच्या तक्त्यात अगदी खालच्या बाजूला प्रति शेअर नफ्याची ओळ असते, इंग्रजीत तिला ईपीएस म्हणतात. तक्ते दोन असतील तर एकत्रित निकालाचा घ्या, म्हणजे उपकंपन्यांचं उत्पन्नही धरलं जातं. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला मागच्या पाच वर्षांचा नफा आणि पाच वर्षांचा लाभांश शेजारी शेजारी वहीत लिहायला सांगा. एवढ्या दहा आकड्यांत बहुतेक गोष्ट कळते. नफ्याबरोबर लाभांशही हळूहळू वाढत असेल तर एक बरी खूण. नफा उतरतोय आणि लाभांश तोच आहे किंवा वाढतोय, तर जपून. आणि चार वर्षं पाच-सहा रुपये आणि एकाच वर्षी चाळीस असं दिसलं, तर बहुधा कंपनीने जमीन, कारखाना किंवा एखादा धंदा विकून एकदाच वाटप केलंय. ते यील्डमध्ये दिसेल, पण पुढच्या वर्षी येणार नाही.

किती पेआउट योग्य, असा ठाम आकडा आम्हाला विचारू नका, कारण तो धंद्याधंद्यावर ठरतो. साबण, बिस्किटं, चहा असं रोज विकणाऱ्या कंपनीची कमाई दरवर्षी साधारण सारखी येते, म्हणून ती नफ्याचा मोठा भाग वाटू शकते. धातू, कोळसा, साखर यांचे भाव दरसाल वरखाली होतात. अशा धंद्यात चांगल्या वर्षीचं साठ टक्के पेआउट वाईट वर्षी न बदलताही एकशेवीस होतं, कारण वाटप तेवढंच राहतं आणि नफा अर्धा होतो. म्हणून अशा कंपनीचं एकाच वर्षाचं पेआउट बघून खुश होऊ नये आणि घाबरूही नये. पाच वर्षांचा एकूण लाभांश भागिले पाच वर्षांचा एकूण नफा असा हिशेब जास्त खरा.

पेआउटच्याही काही उणिवा आहेत. नफा कागदावरचा असतो, रोकड वेगळी. आपण दिवाळीत पन्नास किलो चिवडा उधारीवर दिला तर वहीत नफा दिसतो, डब्यात पैसे नसतात. कंपनीचंही तसंच. म्हणून नफ्याबरोबर कर्ज वाढतंय का हे बघावंच लागतं. वेदांताच्या उदाहरणात कर्जानेच खरी गोष्ट उघड केली. आणि कंपनी तोट्यात असेल तर पेआउट रेशोच्या जागी फोनवर कधी वजा आकडा येतो, कधी नुसती रेघ दिसते. त्या रेघेचा अर्थ ‘माहिती नाही’ असा घेऊ नका. नफा नसतानाही लाभांश वाटला जातोय का, हे तिथे शोधायचं.

शेवटी एका गटाने पाठवलेला प्रश्न. लाभांश जाहीर झाला की शेअर घ्यायचा, लाभांश पदरात पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, असं केलं तर? लाभांशासाठी एक तारीख ठरलेली असते. त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून त्या सकाळी बाजारभाव साधारण लाभांशाइतकाच खाली येऊन सुरू होतो. वीस रुपये लाभांशाचे मिळाले आणि शेअर वीस रुपयांनी उतरला, तर हातात काही उरलं नाही. दलालाची दलाली मात्र घेतानाही गेली आणि विकतानाही गेली.